नमनाला घडाभर तेल, आणि नाटक नाहीच

प्रश्न: मित्र जमले होते तेव्हा मी एक लांबलचक गोष्ट सांगितली, जवळपास पंधरा मिनिटं. मुद्दाम काहीच न घडणारी. शेवटी म्हटलं, "आणि मग काहीच झालं नाही." वाटलं होतं, सगळे लोळतील. एकही हसला नाही, एक जण तर मध्येच उठून गेला. हाच प्रकार दुसऱ्या कुणी केला की लोक पोट धरून हसतात. माझं काय चुकलं? किती लांबवायचं आणि शेवट नेमका कसा करायचा?

उत्तर:

पंधरा मिनिटं हा आकडा वाचूनच मी थोडा दचकलो. मी अठरा-एक वर्षं लोकांसमोर उभा राहून गोष्टी सांगतोय, त्यातली निम्मी वर्षं असल्या 'फुसक्या' गोष्टींच्या नादात गेली, आणि तरी पंधरा मिनिटांची गोष्ट मी आजवर दोनदाच सांगितली आहे. त्यातल्या एकदा माझ्याकडेही कुणी हसलं नव्हतं. पण तुमची खरी चूक लांबीत नाही. "काहीच झालं नाही" हा शेवटच नाही, ती तुम्ही दिलेली कबुली आहे. आणि मधल्या पंधरा मिनिटांत तुम्ही ऐकणाऱ्यांच्या हातावर काही ठेवलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, ठेवलं नसणार.

आधी एक घोळ निस्तरतो. 'विनोद न होणारा विनोद' म्हणून लोक दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक म्हणजे छोटा उलटा विनोद. कोंबडीने रस्ता का ओलांडला? पलीकडे जायला. हा प्रश्न १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मासिकात छापलेला सापडतो, आणि तेव्हाही तो ऐकणाऱ्याला कोडं समजायला लावून सरळ उत्तर देण्यासाठीच होता. त्यात लांबण नाही. तो दोन सेकंदांत संपतो, फसला तरी कुणाचं काही जात नाही. पीजे याहून वेगळा, त्यात निदान एक कोटी असते, भले ती कितीही पांचट असो.

दुसरा प्रकार आपल्या सगळ्यांना लहानपणीच भेटलेला असतो. "कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "सांग." "सांग काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" "नको." "नको काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?" जगभरच्या लोककथांची जी मोठी सूची आर्ने, थॉम्पसन आणि उथर या तिघांच्या नावाने चालते, तिच्यात असल्या ऐकणाऱ्याला अडकवणाऱ्या गोष्टींना आणि कधीच न संपणाऱ्या गोष्टींना स्वतंत्र क्रमांक आहेत, २२०० आणि २३०० च्या आसपास. म्हणजे हा चावटपणा कुठल्या एका भाषेचा नाही. पण कापूसकोंड्याचं कौतुक असं की त्यात सांगणाऱ्याला स्वतःचं काहीच आणावं लागत नाही, ऐकणाऱ्याचं वाक्य उचलून त्यालाच परत द्यायचं. तिसऱ्या फेरीला पोराला कळतं की गोष्ट नाहीच, आणि चौथ्या फेरीला तेच पोर धाकट्या भावंडावर तो प्रयोग करायला पळतं.

तुम्ही जे करायला गेलात तो तिसरा प्रकार. इंग्रजीत त्याला केसाळ कुत्र्याची गोष्ट म्हणतात. ज्या गोष्टीवरून ते नाव पडलं असं मानतात तिची पुष्कळ रूपं फिरतात. त्यातलं एक साधारण असं: एका श्रीमंताचा अतिशय केसाळ कुत्रा हरवतो, तो जाहिरात देतो. दूर समुद्रापलीकडे एका माणसाला तसाच कुत्रा सापडतो. तो पदरमोड करून, जहाजातून, हालअपेष्टा सोसत कुत्र्याला घेऊन त्या घराच्या दारात येतो. नोकर दार उघडतो, कुत्र्याकडे बघतो आणि म्हणतो, "इतका केसाळ नव्हता हो," आणि दार लावून घेतो.

आता इथे जरा थांबून बघा. नोकर "काहीच झालं नाही" म्हणत नाही. तो एक संपूर्ण, खरं, साधं वाक्य बोलतो. गोष्टीचा मोठा प्रश्न काय होता? या माणसाच्या एवढ्या कष्टांचं फळ मिळेल का? नोकराने त्याला उत्तर दिलंच नाही. त्याने एका चिल्लर प्रश्नाला उत्तर दिलं, कुत्रा किती केसाळ होता. माझ्या सगळ्या अनुभवाचा अर्क काढायचा तर तो एवढाच निघेल: गोष्ट मोठा प्रश्न फुगवत नेते आणि शेवट कुठल्यातरी लहान प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर देतो. तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये लिहून ठेवलंय की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येतं. बरोबरच आहे ते, पण सांगणाऱ्याने त्यातला 'शून्य' शब्द फार मनावर घेऊ नये. निव्वळ शून्य दिलं की माणूस चिडतो. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघावा लागतो.

विनोदवीर नॉर्म मॅकडॉनल्डने २००९ मध्ये कोनन ओब्रायनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात सांगितलेली पतंगाची गोष्ट शोधून ऐका. पतंग म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडा. तो पायाच्या डॉक्टरकडे जातो आणि आयुष्यभराची दुःखं सांगू लागतो: नोकरी, बायको, मुलं, जगण्यातला अंधार. मिनिटामागून मिनिटं. डॉक्टर शेवटी म्हणतो, अहो, तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, इथे का आलात? पतंग म्हणतो, दिवा चालू होता. मोठा प्रश्न, या जिवाचं काय होणार? त्याचं उत्तर नाही. लहान प्रश्न, इथे का आलात? त्याचं उत्तर इतकं चोख की त्यावर वादच नाही. मूळ विनोद अर्ध्या मिनिटाचा आहे. बाकी सगळं चऱ्हाट त्याने वळलेलं, आणि हसू त्या चऱ्हाटाला येतं.

ते चऱ्हाट कसं वळायचं हे मी माझ्याच एका गोष्टीवरून सांगतो, कारण तिच्यात माझ्या चुका मला महिनावार आठवतात. गोष्ट किल्लीची. पहिल्यांदा सांगितली तेव्हा नऊ मिनिटांची होती, आता साडेपाच मिनिटांची आहे.

एक गृहस्थ असतात, जुन्या दप्तरांची नोंद ठेवणारे. एक दिवस रस्त्याने जाताना वाऱ्याने त्यांची टोपी उडते. ती धरायला ते खाली वाकतात तर तिथे एक पितळी किल्ली पडलेली, लाल दोरा बांधलेली, तिच्यावर एक्केचाळीस आकडा कोरलेला. दुसऱ्या कुणी असतं तर उचलून खिशात टाकली असती. यांच्या मनात येतं, एक्केचाळीस म्हणजे आधीच्या चाळीस कुठेतरी असणार. शोधायला हवं. तशी घाई काही नव्हती.

हे "तशी घाई काही नव्हती" लक्षात ठेवा, ते पुढे येतं.

ते एका कुलूप दुरुस्त करणाऱ्याकडे जातात. तो डोळ्याला भिंग लावतो, किल्ली उजेडात धरतो, उलटी करतो, वास घेतो, आणि बऱ्याच वेळाने सांगतो, "ही कुलपाची किल्ली आहे." मग म्हणतो, काम माझ्या भावाचं दिसतंय, पण आमचं बोलणं नाही. चिठ्ठी देतो, ती मात्र तुम्ही त्याला दाखवू नका. गृहस्थ चिठ्ठी घेऊन दुसऱ्या गावी जातात, ती दाखवत नाहीत. तशी घाई काही नव्हती. भाऊ किल्ली बघतो. "दात तीनच आहेत," म्हणतो. "चौथा असता तर लगेच ओळखली असती." आणि त्यांना एका प्रचंड जुन्या इमारतीच्या रखवालदाराकडे धाडतो.

रखवालदार आकडा बघतो आणि गप्प होतो. खूप वेळ. मग हळू आवाजात सांगतो, या इमारतीत चाळीसच खोल्या आहेत. पण रोज रात्री दिवे मालवल्यावर खोल्या मोजा. वर्षभर मोजा. मोजताना आकडा मोठ्याने म्हणू नका. गृहस्थ तिथेच मुक्काम टाकतात आणि रोज रात्री मोजतात. चाळीस. चाळीस. चाळीस. पावसाळा येतो, चाळीस. त्यांचे केस पिकतात, चाळीस. तशी घाई काही नव्हती. आणि एका रात्री, नेहमीच्याच जिन्यावरून नेहमीच्याच चालीने, ते मोजतात: एक्केचाळीस. समोर दार. कडीला लाल दोरा. खिशातून किल्ली काढतात, हात थरथरतो, कुलपात घालतात. फिरत नाही. उलटी फिरवून बघतात. फिरत नाही. कपाळ दाराला टेकवतात, तर दार सरकतं. उघडंच होतं. आत एक दिवा, दिव्यापाशी पाठमोरा बसलेला म्हातारा, समोर भलामोठा कागद, काहीतरी लिहितोय. मान न वळवता तो म्हणतो, "दार लावून घ्या हो, वारा येतोय."

त्यांनी दार लावून घेतलं.

संपली गोष्ट. कागदावर हिचं काही वाटणार नाही, सव्वा पानात आटोपली. सांगताना ती साडेपाच मिनिटं चालते, आणि तुम्ही पैसे मोजले असतील तर ते या फरकाचे.

पहिली गोष्ट मी शिकलो ती व्याजाची. ऐकणारा तुम्हाला त्याचं लक्ष उधार देतो. त्याला वाटतं शेवटी मुद्दल परत मिळणार, म्हणजे काहीतरी घडणार, उलगडा होणार. तुम्ही ते मुद्दल बुडवणार हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मुद्दल बुडवायचं असेल तर व्याज वेळच्या वेळी भरावं लागतं. "ही कुलपाची किल्ली आहे" हे व्याज. "चिठ्ठी देतो, ती दाखवू नका" हे व्याज. दर चाळीस-पन्नास सेकंदांनी एक छोटं हसू, निदान एक स्मित, हातावर पडलंच पाहिजे, आणि ते त्या जागेपुरतं खरोखर गमतीदार हवं. बहुतेक नवखे सांगणारे इथे आपटतात. त्यांना वाटतं, गोष्ट निरर्थक आहे तेव्हा मधला भागही कंटाळवाणाच हवा. कंटाळा हा या प्रकाराचा विषय असू शकतो, पण कंटाळा आणणं हे त्याचं काम नाही. माझ्या नऊ मिनिटांच्या आवृत्तीत आणखी दोन मुक्काम होते, एक दप्तरखाना आणि एक घड्याळजी. दोन्ही ठिकाणी व्याज शून्य. माहिती होती, वातावरण होतं, हसू नव्हतं. काढून टाकले, गोष्ट लगेच हलकी झाली.

दुसरं, बारकावे कसले द्यायचे. तीन दात, लाल दोरा, भिंग, वास. हे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे बारकावे आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे ऐकणाऱ्याला एक शंका येते: हे पुढे लागणार असेल. त्याच्याच जोरावर तो ऐकत राहतो. "तो खूप भटकला, खूप लोकांना भेटला" असं म्हटलंत की त्याच्या हातात धरायला काही उरत नाही. तुमची पंधरा मिनिटं कशाने भरली होती ते आठवून बघा. "मग तो आणखी पुढे गेला" या जातीची वाक्यं किती होती?

आता वारा. इथे मी सर्वांत जास्त चुकलो, म्हणून जरा रेंगाळतो. पहिल्या आवृत्तीत शेवटचं वाक्य होतं, पण सुरुवातीची टोपी नव्हती. किल्ली नुसती सापडायची. शेवटी लोक हसायचे, पण ते हसू थोडं अर्धवट असायचं, 'असं का?' अशा सुरातलं. मग मला सुचलं की वारा आधी पेरावा. आणि सुचलेली गोष्ट माणूस प्रमाणाबाहेर करतो, तसं मी वारा प्रत्येक मुक्कामाला घातला. कुलूपवाल्याचं दार आपटतं, भावाचे कागद उडतात, रखवालदार कान झाकून घेतो. परिणाम? रखवालदारापर्यंत पोचेतो पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला हळूच सांगितलं, "वाऱ्याचंच काहीतरी निघणार." मला ते ऐकू आलं. त्या दिवशी शेवटी टाळ्या पडल्या, हसू नाही. टाळ्या पडल्या म्हणजे लोकांना गोष्ट हुशार वाटली. या प्रकारात हुशार वाटणं म्हणजे हरणं. सगळे धागे जुळले की ती साधी, नीट बांधलेली गोष्ट होते, आणि तशा गोष्टी सांगणारे आपल्यापेक्षा बरे लोक आहेत.

आता वारा एकदाच येतो, पहिल्या वीस सेकंदांत, आणि तोही टोपीच्या आडून. ऐकणाऱ्याचं लक्ष किल्लीवर असतं, वारा कुणी ध्यानात धरत नाही. साडेपाच मिनिटांनी म्हातारा बोलतो तेव्हा काहींना टोपी आठवते, बहुतेकांना नाही. ज्यांना आठवत नाही त्यांनाही ते वाक्य उपरं वाटत नाही, कारण डोक्यात कुठेतरी वारा वाहून गेलेला असतो. एकदा पेरा, लवकर पेरा, आणि दुसऱ्या कामासाठी पेरल्यासारखं पेरा.

पालुपदाचा हिशेब वेगळा. "तशी घाई काही नव्हती" पहिल्यांदा कुणाला जाणवत नाही. दुसऱ्यांदा कान टवकारतात. तिसऱ्यांदा हसतात, आणि केस पिकल्यावर आलं की हमखास हसतात. चौथ्यांदा मी म्हणत नाही. दारापाशी ते म्हणायचा मोह फार होतो, कारण तिथे हशा नक्की आहे. पण तो हशा म्हाताऱ्याच्या वाक्याचं तोंड खातो. शेवटाच्या आधीचा अर्धा मिनिट कोरडा ठेवायचा. व्याज तिथे थांबवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, आता मुद्दलच येतंय.

चेहरा. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये गोष्ट सांगण्याच्या रीतीवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की अशी गोष्ट गंभीरपणे सांगायची असते, त्यात काही गमतीचं आहे अशी आपल्याला पुसटशीही शंका नाही असं दाखवायचं असतं, आणि कळीचं वाक्य आलं तर ते सहज, बेपर्वाईने टाकून द्यायचं असतं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, त्यात बदलायला काही सापडलं नाही. मी फक्त एवढं सांगेन की गंभीर म्हणजे मख्ख नव्हे. मख्ख चेहऱ्याने सांगितलं की लोकांना वाटतं हा आपली फिरकी घेतोय. मी त्या गृहस्थांची खरंच काळजी करतो. रखवालदार गप्प होतो तेव्हा मीही गप्प होतो, तीन-चार सेकंद, आणि त्या वेळी माझ्या मनात खरंच येतं की खोली असेल का. तुम्हाला गोष्टीची काळजी नसेल तर ऐकणाऱ्याने का करावी?

शेवटचं वाक्य आवाज खाली आणून म्हणा, त्यातलं 'हो' गाळू नका. "दार लावून घ्या, वारा येतोय" हा हुकूम आहे. "दार लावून घ्या हो" म्हणजे त्या म्हाताऱ्याला हे रोजचंच आहे, रोज कुणीतरी येतं आणि दार उघडं टाकतं. त्या एका अक्षराने मागची सगळी वर्षं क्षुल्लक होतात. मग "त्यांनी दार लावून घेतलं" हे सपाट, आणि गप्प. पुढचे दोन-तीन सेकंद भयंकर लांब वाटतात. तिथे "संपली!" म्हणू नका, हसू नका, खांदे उडवू नका. तुमचं "आणि मग काहीच झालं नाही" नेमकं इथेच नडलं. ऐकणाऱ्याला स्वतःला कळायचं होतं की काही झालं नाही, तो आनंद तुम्ही त्याच्या हातून काढून घेतलात.

आता लांबीचं. ऐकणारे साधारण तीन अवस्थांतून जातात. आधी उत्सुकता. मग संशय, की हा आपल्याला कुठेच नेत नाहीये. आणि नंतर शरणागती, की नेऊ दे कुठे नेतोय ते. हसू फुटतं ते शरणागतीत. संशयातच गोष्ट संपवली तर लोक म्हणतात 'हे काय!', आणि शरणागती ओलांडून ताणली तर उठून जातात, जसा तुमचा मित्र गेला. चार-पाच जण बसले असतील तर माझी संशयाची रेषा तिसऱ्या मिनिटाच्या आसपास येते, आणि पाच-सहा मिनिटांत संपवावं लागतं. रंगमंचावर थोडं जास्त चालतं, कारण तिथे लोक आलेलेच असतात ऐकायला. घरी दोन मिनिटांच्या गोष्टीने सुरुवात केली तरी हरकत नाही.

अवस्था ओळखायची कशी? लोक एकमेकांकडे बघायला लागले की घाबरू नका, ती उत्तम खूण आहे. ते न बोलता विचारतायत, "तुलाही तेच वाटतंय ना?" तिथून शरणागती एका वळणावर असते. कुणी मध्येच विचारलं, "दात तीनच का?", तर सोन्याहून पिवळं. शांतपणे उत्तर द्या आणि पुढे चला. पण डोळे फोनकडे किंवा दाराकडे गेले, किंवा माणूस 'हं, हं' जरा लवकर लवकर म्हणायला लागला, की व्याज थकलंय असं समजा. अशा वेळी मी पळवाट वापरतो. प्रत्येक मुक्कामाला एक उतरायचा जिना ठेवलेला असतो. कुलूपवाल्यापाशीच लोक गळाले तर त्याचा भाऊ किल्ली बघून म्हणतो, "अहो, ही माझीच. कुठे सापडली?", खिशात टाकतो आणि कामाला लागतो. दोन मिनिटांत गोष्ट खलास. हसू लहान येतं, पण येतं, आणि कुणाला कळतही नाही की पुढे साडेतीन मिनिटं शिल्लक होती. जिना नसेल तर तुम्ही स्वतःच्याच गोष्टीत कोंडले जाता आणि लोक गळाले तरी पंधराव्या मिनिटापर्यंत चालत राहता.

एक सावधगिरी. इंग्रजीत साबण आणि रेडिओचा एक जुना खोडसाळ प्रकार आहे. दोन प्राणी न्हाणीत बसलेत, एक म्हणतो साबण दे, दुसरा म्हणतो साबण नाही, रेडिओ. त्याला काहीही अर्थ नाही. सांगणाऱ्याचे साथीदार आधीच ठरवून खो खो हसतात, आणि न कळलेला बिचारा एक तर कळल्याचं सोंग करतो, नाही तर मूर्ख ठरतो. पुष्कळ जण निरर्थक विनोदाला हाच प्रकार समजतात. मला तो आवडत नाही. त्यात फसतो तो ऐकणारा. किल्लीच्या गोष्टीत फसतात ते गृहस्थ, आणि त्यांच्याबरोबर मीही, कारण मीच तर एवढं तेल जाळलं. ऐकणारा आमच्या फजितीचा साक्षीदार असतो. तुमच्या मित्रांना पंधरा मिनिटांनी वाटलं असावं की फसवलं गेलं ते आपल्यालाच, आणि म्हणून ते चिडले.

लिहून पाठवायचा विचार असेल तर ही गोष्ट निम्मी करा. वाचणाऱ्याला लांबी आधीच दिसते, तो थेट तळाशी जातो, शेवटचं वाक्य वाचतो आणि परत येत नाही. शेवटची ओळ एकटी वेगळी सोडू नका, परिच्छेदाच्या पोटात ठेवा. आणि गप्प बसण्याच्या जागा कागदावर नसतात, तिथे रखवालदाराच्या गप्प होण्याला एखादं वाक्य द्यावं लागतं.

तुमची गोष्ट कशाची होती ते तुम्ही सांगितलं नाहीत. ती टाकून देऊ नका. तिच्यातली व्याजाची वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवा. पाच निघाली तर पाच मिनिटांची गोष्ट आहे, तीन निघाली तर तीन मिनिटांची. मग मोठा प्रश्न कोणता फुगतोय ते एका ओळीत लिहा, आणि त्याच प्रसंगात उभ्या असलेल्या एखाद्या परक्या, आपल्या कामात गुंतलेल्या माणसाला त्या क्षणी काय हवं असेल ते लिहा. दार लावलेलं हवं असेल, जागा हवी असेल, वाटेतून बाजूला झालेलं हवं असेल. तो ते मागेल तिथे तुमची गोष्ट संपते. पहिल्यांदा दोघांनाच सांगा. जो उठून गेला होता, त्याला त्या दोघांत धरा.